प्लेलिस्टमधलं प्रत्येक गाणं न वाजताच पुढे पळतंय? खातं, नेटवर्क की फाइल, हे कसं ओळखायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी या पट्ट्यातून गाण्यांच्या अ‍ॅपबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतला हा सर्वांत चिवट. यादी उघडते, पहिलं गाणं दाबलं की ते न वाजताच दुसऱ्यावर जातं, दुसरं तिसऱ्यावर, आणि बघता बघता अख्खी यादी संपते. उत्तरं देताना उदाहरणं मुख्यतः स्पॉटिफायची घेतली आहेत, कारण बहुतेक प्रश्न त्याच्याबद्दलच येतात. पण तपासायची पद्धत कुठल्याही अ‍ॅपला चालते. फोनमधल्या किंवा पेनड्राइव्हवरच्या स्वतःच्या गाण्यांचे प्रश्न शेवटाकडे आहेत.

गाण्याचं नाव दिसतं, चित्र दिसतं, वेळही दिसते. मग गाणंच का वाजत नाही?

कारण नाव आणि आवाज एका ठिकाणाहून येत नाहीत. यादी म्हणजे फक्त नावं आणि ओळखक्रमांक. ती अगदी हलकी असते आणि बऱ्याचदा फोनमध्ये आधीच साठवलेली असते. तुम्ही गाणं दाबता तेव्हा अ‍ॅप आधी विचारतं, की या खात्याला, या देशात, हे गाणं वाजवायची मुभा आहे का. मुभा असेल तर गाण्याचं कुलूप उघडणारी किल्ली मिळते. मग वेगळ्याच सर्व्हरवरून आवाजाचे तुकडे येऊ लागतात, आणि शेवटी फोन ते उलगडून स्पीकरला देतो.

यातली एकही पायरी चुकली तरी अ‍ॅपचं वागणं सारखंच: हे गाणं सोडा, पुढचं घ्या. एकच गाणं बिघडलेलं असेल तर ही सोय चांगली आहे. पण कारण सगळ्या गाण्यांना सामाईक असलं, की अ‍ॅप शेवटच्या गाण्यापर्यंत धावत सुटतं आणि नेमकं काय चुकलं ते सांगत नाही.

अ‍ॅप काढून परत टाकू का? सगळे तेच सांगतात.

आधी नको. मला हा सल्ला मनापासून पटत नाही. अ‍ॅप काढलं की डाउनलोड केलेली सगळी गाणी जातात, साठवलेल्या सेटिंग जातात, आणि दोष नेटवर्कचा असेल तर तीच गाणी पुन्हा उतरवताही येत नाहीत. शिवाय एकाच झटक्यात खूप गोष्टी बदलल्यामुळे, गाणी पुन्हा वाजू लागली तरी नेमकं कशाने वाजली ते कळत नाही. आठवड्याने तोच त्रास परत आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

खालची तपासणी आधी करा. त्यात दोष फोनच्या पदरात पडला, तर सेटिंगमधून फक्त कॅश, म्हणजे अ‍ॅपने तात्पुरती साठवलेली माहिती, साफ करून बघा. स्पॉटिफायमध्ये कॅश साफ केल्याने डाउनलोड जात नाहीत. अ‍ॅप काढणं हा त्याच्याही नंतरचा उपाय.

मग सुरुवात कुठून करू? सगळ्यात सोपी तपासणी कोणती?

घरातला लॅपटॉप घ्या. तो फोनच्याच वाय-फायवर असू द्या. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, तुमच्याच खात्याने लॉगिन करा आणि फोनवर पळणारं नेमकं तेच गाणं लावा. संरक्षित मजकुराची परवानगी ब्राउझरने मागितली तर ती द्या; ती नसेल तर ब्राउझरमध्ये कुठलंच गाणं वाजणार नाही आणि निष्कर्ष चुकेल.

गाणं वाजलं, तर एका फटक्यात दोन गोष्टी निर्दोष सुटल्या: खातंही ठीक आणि घरचं वाय-फायही ठीक. दोष फोनमध्ये आहे, म्हणजे साठवलेल्या फाइलींत, कॅशमध्ये किंवा फोनच्या एखाद्या सेटिंगमध्ये.

गाणं वाजलं नाही, तर लॅपटॉप तसाच ठेवा, खातं तेच, गाणं तेच, फक्त वाय-फाय सोडून दुसऱ्या कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट जोडा. आता वाजलं तर दोष वाय-फायचा. आताही नाही वाजलं तर संशय खात्यावर. तो पक्का करायला त्याच लॅपटॉपवर, त्याच हॉटस्पॉटवर, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या खात्याने तेच गाणं लावा. त्यांचं वाजलं आणि तुमचं नाही, तर मामला खात्याचा. दोघांचंही नाही वाजलं, तर ते गाणंच इथे उपलब्ध नसेल किंवा लॅपटॉपच्या आवाजाचीच काही भानगड असेल. दुसरं कुठलंही गाणं लावून पाहिलं की तेही कळतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं कटाक्षाने पाळा. घाईत वाय-फायही बदललं आणि खातंही बदललं, तर आलेल्या उत्तराचा काही उपयोग नाही. लॅपटॉप नसेल तर घरातल्या दुसऱ्या फोनवर हेच करता येतं. मात्र स्वतःच्या फोनवर लॉगआउट करून दुसऱ्याचं खातं लावू नका. त्यात तुमची डाउनलोड जाऊ शकतात.

गाणं किती वेळात पुढे पळतं, यावरून काही कळतं का?

कळतं, पण तो पुरावा नव्हे, अंदाज आहे. खात्याला मुभा नसेल तर सर्व्हरचं ‘नाही’ लगेच येतं, त्यामुळे गाणी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पळतात. नेटवर्क मंद किंवा तुटक असेल तर अ‍ॅप उत्तराची वाट बघतं. प्रत्येक गाण्यावर काही सेकंद चाक फिरतं आणि मगच उडी पडते. गाणं थोडं वाजून मग पळत असेल तर मुभा मिळाली आहे हे उघड आहे, म्हणजे तुकडे येण्यात किंवा साठवलेल्या फाइलीत खोट आहे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. नेटवर्कवर कुणी फिल्टर बसवला असेल, तर तोही लगेच ‘नाही’ म्हणतो आणि खात्याचा दोष असल्यासारखंच चित्र दिसतं. पुढचा प्रश्न नेमका त्याचाच आहे.

आमच्या मंगळागौरीच्या ग्रुपची तालीम कोपरखैरण्याला सोसायटीच्या हॉलमध्ये असते. तिथे टॅबवर यादीतलं एकही गाणं टिकत नाही, सगळी क्षणात पळतात. घणसोलीला घरी आलं की तोच टॅब छान वाजतो. पैसे भरलेले आहेत. काय असेल?

हा प्रश्न पाठवणाऱ्या ताईंबरोबर सगळी तपासणी पायरीपायरीने झाली, म्हणून ती इथे पूर्ण देतो.

गाणी क्षणात पळत होती, त्यामुळे ग्रुपमधल्या सगळ्यांचा संशय सबस्क्रिप्शनवर होता. पण तोच टॅब, तेच खातं घरी वाजतं म्हणजे खातं तर ठीकच आहे. तरी खात्री म्हणून हॉलच्या वाय-फायवर एकीचा लॅपटॉप जोडला आणि ब्राउझरमध्ये फुगडीचं तेच गाणं लावलं. पळालं. मग लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला. वाजलं. दोष हॉलच्या वाय-फायचा, हे इथेच ठरलं.

पण त्याच वाय-फायवर व्हॉट्सअ‍ॅप चालत होतं, व्हिडिओ चालत होते, अ‍ॅपमधली चित्रंसुद्धा येत होती. म्हणजे इंटरनेट बंद नव्हतं. फक्त आवाज पाठवणाऱ्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नव्हतं. हे तपासायला लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून, सर्व्हरच्या नावाला कुठला पत्ता मिळतो ते विचारणारी ही एक ओळ दिली:

```
nslookup audio-fa.scdn.co
```

स्पॉटिफायचा आवाज ज्या नावांवरून येतो त्यांपैकी हे एक नाव. हॉटस्पॉटवर उत्तरात खरे पत्ते आले. हॉलच्या वाय-फायवर उत्तर आलं `0.0.0.0`, म्हणजे मुद्दाम दिलेला रिकामा पत्ता. हॉलच्या शेजारी मुलांची अभ्यासिका आहे, तिला हेच वाय-फाय आहे, आणि सोसायटीने राउटरवर करमणुकीच्या साइट अडवणारा फिल्टर बसवला होता. त्याच्या यादीत चित्रांचं नाव नव्हतं, आवाजाचं होतं.

सेक्रेटरींना स्क्रीनवरचं उत्तर दाखवल्यावर त्यांनी त्या नावाला सूट दिली. तोवर ताईंनी घरच्या वाय-फायवर सगळी यादी डाउनलोड करून घेतली आणि तालीम त्यावर चालवली. अशा जागी हा खरं तर जास्त भरवशाचा मार्ग: कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या वाय-फायवर विसंबू नका.

लॅपटॉपवर त्याच वाय-फायने वाजतं, फोनवर नाही. तरी दोष नेटवर्कचा असू शकतो का?

असू शकतो, कारण काही नेटवर्क सेटिंग राउटरमध्ये नसून फोनच्या आतच असतात. जाहिराती अडवण्यासाठी बरेच जण अँड्रॉइडमध्ये `Private DNS` या ठिकाणी एखादा पत्ता टाकून ठेवतात आणि विसरून जातात. हॉलच्या राउटरने वर जे केलं, तेच हा पत्ता फोनच्या आत बसून करतो, आणि तुम्ही कुठल्याही वाय-फायवर गेलात तरी सोबत येतो. ते सेटिंग तात्पुरतं बंद करा, व्हीपीएन असेल तर तोही बंद करा आणि तेच गाणं लावा.

फोनची तारीख आणि वेळही बघून घ्या. ती चुकली असेल तर सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं फोनला मुदतबाह्य वाटतात आणि सर्व्हरशी बोलणंच होत नाही. वेळ हाताने लावलेली असेल तर आपोआप लागू द्या.

मी रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याला जातो. गाडीत रेंज येते-जाते म्हणून गाणी डाउनलोड केली आहेत, पण आता डाउनलोड केलेलीही पळतात. मग डाउनलोडचा उपयोग काय?

डाउनलोड केलेलं गाणं ही तुमच्या मालकीची फाइल नसते. ती कुलूपबंद असते आणि तिची किल्ली तुमच्या खात्याच्या परवान्यावर चालते. स्पॉटिफायमध्ये ३० दिवसांत किमान एकदा तरी अ‍ॅप ऑनलाइन यावं लागतं. अ‍ॅप सतत ऑफलाइन मोडमध्ये ठेवलं असेल तर परवाना ताजा होत नाही. मग गाण्यापुढे डाउनलोडची खूण दिसत असली तरी अ‍ॅप किल्ली देत नाही.

त्यामुळे घरी वाय-फायवर ऑफलाइन मोड काढा, अ‍ॅप उघडं ठेवा आणि एखादं डाउनलोड न केलेलं गाणं वाजवून बघा. ते वाजलं तर आता फोन विमान मोडवर टाका आणि डाउनलोड केलेलं गाणं लावा. हेही वाजलं तर परवाना आणि फाइल दोन्ही ठीक. गाडीत ऐरोली-रबाळेकडे जो त्रास होतो तो यादीत मधेमधे डाउनलोड न झालेली गाणी असल्यामुळे. रेंज अर्धवट असताना अ‍ॅप ती गाणी नेटवरून ओढायचा प्रयत्न करतं आणि हरलं की पुढे जातं. यादी वरपासून खालपर्यंत एकदा नजरेखालून घाला, खूण नसलेली गाणी सापडतील.

विमान मोडवरही सगळी पळत असतील आणि ऑनलाइन मात्र वाजत असतील, तर आधी पुढच्या प्रश्नाप्रमाणे योजना चालू आहे का ते बघा; ती चालू असेल तर साठवलेल्या प्रती बिघडल्या आहेत. यादीचं डाउनलोड काढून पुन्हा करा. अ‍ॅप काढायची गरज नाही. मेमरी कार्डवर डाउनलोड ठेवत असाल तर या वेळी ते फोनच्या आतल्या जागेत करून बघा. तिथे नीट चाललं तर कार्डच संशयित आहे.

दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात. मग खात्याचा दोष कसा असेल?

कापले जातात असं आपण धरून चालतो. कार्ड बदलून नवं आलं, खात्यात त्या दिवशी शिल्लक नव्हती, यूपीआय ऑटोपेची परवानगी संपली, यापैकी काहीही झालं की हप्ता फसतो आणि काही काळाने खातं गुपचूप मोफत योजनेवर येतं. मोफत खात्यात गाणी डाउनलोड करून ऐकायची सोय नाही, म्हणून ऑफलाइन यादी एका सकाळी अचानक पळू लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापणीच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यायची असते. ती सूचना या महिन्यात आली होती का, हे एसएमएसमध्ये शोधा.

मात्र अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या योजनेच्या नावावर विसंबू नका, ते जुनं साठवलेलं असू शकतं. ब्राउझरमधून खात्याच्या पानावर जाऊन योजना बघा. आणि लॉगिन करताना ई-मेलही बघा. घरात एक खातं गूगलने, दुसरं मोबाइल नंबरने उघडलेलं असतं. पैसे एकात भरलेले आणि फोनवर दुसरंच चालू, हा प्रकार माझ्याकडे आलेल्या प्रश्नांत वरचेवर दिसतो.

माझं खातं माझा भाऊही वापरतो. त्यामुळे गाणी पळत असतील का?

बहुतेक नाही. एका माणसाच्या योजनेत दुसऱ्या फोनवर गाणं सुरू झालं की पहिल्या फोनवरचं गाणं थांबतं. थांबणं आणि पळणं या दोन वेगळ्या खुणा आहेत. पण भाऊ तुमच्याच फोनचं नियंत्रण स्वतःच्या फोनवरून करत असेल आणि तिथे गाणी पुढे ढकलत असेल, तर इकडे ती पळताना दिसतील. अ‍ॅपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. तुमच्या नकळत घरातला स्मार्ट स्पीकर किंवा टीव्ही निवडलेला असला तर तेही तिथेच कळेल.

दुबईच्या मावशीने यादी पाठवली. तिच्याकडे सगळी वाजतात, इथे वाशीला एकही नाही. माझ्या बाकीच्या याद्या ठीक आहेत.

बाकीच्या याद्या ठीक आहेत म्हणजे खातं, नेटवर्क आणि फोन तिन्ही सुटले. त्यांची तपासणी करत बसू नका. गाण्याचे हक्क देशागणिक दिले जातात. एकाच गाण्याच्या दोन नोंदी असू शकतात, एक तिकडच्या अल्बममधली आणि एक इकडच्या. मावशीच्या यादीत तिकडच्या नोंदी आहेत. नाव शोधून इथे मिळणारी नोंद स्वतःच्या यादीत घ्या. सेटिंगमध्ये न वाजणारी गाणी दाखवायचा पर्याय चालू केला की अशी गाणी करड्या रंगात दिसतात आणि कोडं लगेच सुटतं.

देश न बदलताही असं होतं. मार्च २०२३ मध्ये परवाना करार न जुळल्याने झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून निघाली होती. ज्यांच्या यादीत त्याच कंपनीची मराठी-हिंदी गाणी भरलेली होती, त्यांना अख्खी यादी बिघडल्यासारखं वाटलं. त्या वेळी फोन, राउटर किंवा खात्यात काही केलं तरी फरक पडणार नव्हता.

माझी स्वतःची एमपीथ्री गाणी आहेत, नेटचा संबंधच नाही. नवीन मेमरी कार्डवर घेतली आणि जुनी यादी पूर्ण पळायला लागली.

गाणी बिघडलेली नाहीत, पत्ते चुकलेत. अशी यादी बहुधा `.m3u` नावाची साधी मजकूर फाइल असते आणि तिच्यात प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो:

```
/storage/3A1F-0C2B/Music/abhang01.mp3
```

मधला आठ अक्षरांचा भाग हा कार्डाचा क्रमांक. नवं कार्ड आलं किंवा जुनं फॉरमॅट केलं की तो बदलतो. मग यादीतला प्रत्येक पत्ता खोटा ठरतो. ओळख सोपी आहे: फोल्डरमध्ये जाऊन गाणं थेट दाबलं की वाजतं, यादीतून पळतं. मजकूर संपादकात यादी उघडून जुना क्रमांक एकदम बदलून टाका. त्याहून बरं म्हणजे यादीची फाइल गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि ओळीत फक्त `abhang01.mp3` एवढंच लिहा.

गाण्यांची नावं देवनागरीत असतील तर यादी `.m3u8` नावाने, यूटीएफ-८ मध्ये साठवा. साध्या `.m3u` मधली देवनागरी नावं प्लेअरने चुकीची वाचली तर त्या नावाची फाइल त्याला सापडतच नाही. इंग्रजी नावांची गाणी वाजतात आणि नेमकी मराठी पळतात, ही त्याची खूण.

फोल्डरमधूनही गाणं पळत असेल तर फाइलीचा आकार बघा. १२८ केबीपीएसचं एमपीथ्री मिनिटाला साधारण १ एमबी घेतं; चार मिनिटांचं गाणं शून्य किंवा काही केबी दिसत असेल तर कॉपी अर्धवट झाली आहे. आकार ठीक आहे आणि व्हीएलसीमध्ये वाजतं पण दुसऱ्या प्लेअरमध्ये नाही, तर फाइल बहुधा आतून वेगळ्या प्रकारची असून तिला कुणीतरी नुसतं `.mp3` हे नाव दिलं आहे.

मॅकवरून पेनड्राइव्ह भरला. गाडीच्या स्टीरिओवर एक गाणं पळतं, एक वाजतं.

एक सोडून एक पळतंय म्हणजे यादीत पाहुणे आहेत. मॅक अशा पेनड्राइव्हवर प्रत्येक गाण्यासोबत `._` ने सुरू होणारी छोटी लपलेली फाइल ठेवतो. स्टीरिओला ती गाण्यासारखीच वाटते. पेनड्राइव्ह काढण्याआधी टर्मिनलमध्ये एवढं द्या (शेवटचं नाव तुमच्या पेनड्राइव्हचं):

```
dot_clean -m /Volumes/PENDRIVE
```

खातं ठीक, हॉटस्पॉटवरही तेच, दुसरी गाणीही पळतात, फक्त माझ्या लॅपटॉपवर. आता काय राहिलं?

आवाज बाहेर पडायची वाट. अ‍ॅपला आवाजाचं उपकरण उघडता आलं नाही तरी ते काही वेळा गाणं बिघडलं असं समजून पुढे जातं. ब्लूटूथ किंवा टीव्हीची केबल काढा आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर लावा. वाजलं तर खातं-नेटवर्क-फाइल हा शोध तिथेच थांबवा. विंडोजमध्ये त्या उपकरणाच्या गुणधर्मांत आवाजाचा दर फार वर, म्हणजे १,९२,००० हर्ट्‌झ असा ठेवलेला असेल तर तो ४४,१०० वर आणून बघा.

एवढं करूनही नाही सुटलं तर मदत मागताना काय लिहू?

‘गाणी वाजत नाहीत’ एवढंच लिहिलं तर उत्तरात अ‍ॅप काढून परत टाका असंच येईल. त्याऐवजी लिहा: कुठलं गाणं, पळायला किती वेळ लागतो, त्याच वाय-फायवर ब्राउझरमध्ये काय झालं, हॉटस्पॉटवर काय झालं, दुसऱ्या खात्याने काय झालं. सोबत फोनचं मॉडेल, अ‍ॅपची आवृत्ती आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराला बदललेली एखादी गोष्ट: नवं कार्ड, नवा राउटर, बदललेली योजना. खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मात्र कुणी मागितला तरी पाठवू नका. यातल्या कुठल्याही तपासणीला तो लागत नाही.